कॅन्टिलिव्हर प्लेट, एक हातोडी आणि २६.९ हर्ट्झचा चकवा (प्रकल्प नोंदी)

काम असं: ॲल्युमिनियमची एक प्लेट एका बाजूने घट्ट पकडायची, बाकी तीन बाजू मोकळ्या, तिच्या पहिल्या तीन नॅचरल फ्रिक्वेन्सी आणि मोड शेप एफईएममध्ये काढायचे आणि मग इम्पॅक्ट हॅमरने ठोकून ते खरे आहेत का बघायचं. मी धरलेला वेळ चार दिवस. लागले तीन आठवडे. कुठे गेले ते खाली लिहितोय.

२ फेब्रुवारी

प्लेट कापून आणली. एकूण लांबी ३४० मिमी, रुंदी १५० मिमी, जाडी दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ३ मिमी. ४० मिमी क्लॅम्पमध्ये जाणार, म्हणजे मोकळी लांबी ३०० मिमी.

मायक्रोमीटर लावला तर जाडी सहा ठिकाणी २.९३ ते २.९५ आली. २.९४ धरली. सहा शतांश मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं, पण प्लेटची फ्रिक्वेन्सी जाडीच्या सरळ प्रमाणात असते, म्हणजे टेस्ट सुरू व्हायच्या आधीच २ टक्के चूक मॉडेलमध्ये बसली असती. वजन केलं, ४०५ ग्रॅम, त्यावरून घनता २७०० आली, ती बरोबर आहे. यंग्स मॉड्युलस ७० जीपीए धरलाय, तो मात्र मोजलेला नाही, पुस्तकातला आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे यावरून दोन दिवस डोकं खाल्लं गेलं.

शेल एलिमेंट घेऊन मॉडेल केलं, मेश दोनदा बारीक केली, आकडे हलले नाहीत:

पहिला मोड, साधं वाकणं: २७.६ हर्ट्झ
दुसरा मोड, पीळ: ११७.६ हर्ट्झ
तिसरा मोड, दुसरं वाकणं: १७२.५ हर्ट्झ

हाताने पण एक चेक केला. प्लेट विसरून तिला नुसता बीम समजलं तर

```
f1 = 0.1615 * (h / L**2) * sqrt(E / rho)
```

यात आकडे घातले की २६.९ येतात, आणि दुसरं वाकणं याच्या ६.२७ पट म्हणजे १६८ च्या आसपास. एफईएमपेक्षा अडीच टक्के कमी. हे असंच असायला हवं, कारण बीम वाकला की त्याची रुंदी आडवी उलट्या बाजूला थोडी वाकायला मोकळी असते, प्लेटला मात्र क्लॅम्पजवळ ते जमत नाही, म्हणून ती जरा जास्त ताठ निघते. हा २६.९ आकडा वहीत लिहून ठेवला आणि पुढे त्यानेच फसवलं.

५ फेब्रुवारी

पहिली टेस्ट. क्लॅम्प बनवायचा कंटाळा, म्हणून वर्कशॉपमधला मोठा व्हाइस वापरला. ५ ग्रॅमचा ॲक्सेलरोमीटर मेणाने टोकाच्या बरोबर मध्यावर चिकटवला (मध्यावर का? तर छान दिसत होतं, दुसरं कारण नाही). हॅमरला प्लास्टिकचं टोक लावलं, आणि ठोकायला लागलो.

पीक आले २५.६ ला आणि १६१ ला. मध्ये काहीच नाही. ११७ च्या आसपास ग्राफ सपाट, जणू पीळ नावाचा मोड या प्लेटला नाहीच.

अर्धा तास हॅमर चुकीचा, केबल चुकीची, सॉफ्टवेअर चुकीचं असं करत बसलो. मग लक्षात आलं की पीळ बसताना प्लेटची मधली रेघ हलतच नाही, डावी कड वर जाते तेव्हा उजवी खाली, आणि मधली रेघ ही नोडल लाइन. मी ॲक्सेलरोमीटर बरोबर त्याच रेघेवर लावलेला. सेन्सर जिथे लावलाय तिथे जो मोड हलत नाही तो त्याला दिसणार कसा. आता हे लिहिताना इतकं उघड वाटतंय की लाज वाटते.

सेन्सर टोकाच्या कोपऱ्यात सरकवला. पीळ लगेच दिसला, पण ९८ हर्ट्झला! मॉडेलपेक्षा १७ टक्के खाली. वाकण्याचे दोन्ही मोड ७ टक्क्यांच्या आसपास खाली आणि पीळ १७. वर्कशॉपमधले काका मागे उभे राहून बघत होते, ते म्हणाले, "अरे, व्हाइसचा जबडा १०० चा, तुझी प्लेट १५० ची. दोन्ही बाजूचे पंचवीस-पंचवीस काय हवेत धरलेत का?"

तेच. दोन्ही कडांना पंचवीस मिलिमीटर प्लेट पकडलेलीच नव्हती, आणि पीळ हा मोड नेमका कडांच्या जिवावर चालतो. व्हाइस बाद.

९ फेब्रुवारी

काकांनी २० मिमी जाडीच्या दोन स्टीलच्या पट्ट्या कापून दिल्या, रुंदी १६० मिमी, म्हणजे प्लेटपेक्षा थोडी जास्तच. खालची पट्टी लोखंडी टेबलाला बोल्ट केली, वरची पट्टी पाच बोल्टनी आवळली. मोकळी लांबी पट्टीच्या तोंडापासून ३०० मोजून घेतली. (या ओळीत पण एक चूक लपलीय. मला ती दिसायला आठ दिवस लागले.)

बोल्ट किती आवळायचे याला एक सोपा उपाय सापडला: आवळा, ठोका, पहिली फ्रिक्वेन्सी बघा, परत आवळा. हाताने आवळल्यावर सगळ्यात खाली, पाना लावल्यावर जवळजवळ एक हर्ट्झने वर, अजून पाव फेरा दिल्यावर किंचित वर, आणि त्यानंतर जागची हललीच नाही. जिथून पुढे आवळून फरक पडत नाही तिथे थांबायचं.

४१ हर्ट्झला एक जास्तीचा छोटा पीक आला जो मॉडेलमध्ये कुठेच नाही. सेन्सर काढून टेबलावर लावला आणि प्लेटला ठोकलं, तिथे तोच पीक मोठा आला. म्हणजे ते टेबल होतं. टेबलाच्या पायाखाली पाचर ठोकल्यावर तो पीक इतका बारीक झाला की सोडून दिला.

१० फेब्रुवारी

अख्खी संध्याकाळ कोहेरन्सच्या मागे गेली. कोहेरन्स म्हणजे ढोबळ भाषेत, सेन्सरला जे दिसतंय त्यातलं किती खरंच हातोडीमुळे आहे, १ आला की सगळं. माझा ०.३, ०.५ असा नाचत होता आणि पीक वीस-वीस हर्ट्झच्या पायऱ्यांवर बसलेले.

विश्लेषण मी पायथॉनमध्ये करत होतो आणि सरळ `scipy.signal.csd` वापरलेलं, काहीही न बदलता. त्याचा डिफॉल्ट `nperseg=256` आणि `window='hann'`. म्हणजे माझ्या लांबलचक रेकॉर्डचे ते २५६-२५६ नमुन्यांचे तुकडे करणार, सॅम्पलिंग ५१२० असल्यामुळे प्रत्येक तुकड्याची बारकाई २० हर्ट्झ, आणि हातोडीचा ठोका फक्त पहिल्या एका तुकड्यात असणार, बाकी तुकड्यांत हातोडीच्या चॅनेलवर नुसता नॉइज. वर हॅन विंडो तुकड्याच्या सुरुवातीला शून्य असते, ठोका पण सुरुवातीलाच, म्हणजे जो एक कामाचा तुकडा होता त्यातला ठोकाच पुसला जात होता. सतत चालणाऱ्या सिग्नलसाठी ते फंक्शन उत्तम आहे, ठोक्यासाठी नाही.

एक ठोका म्हणजे एक अख्खा रेकॉर्ड, विंडो नाही, आणि सरासरी ठोक्यांवर घ्यायची:

```python
# force, acc: प्रत्येक ओळ = एक ठोका
F = np.fft.rfft(force, axis=1)
A = np.fft.rfft(acc, axis=1)
Sff = np.mean(np.abs(F)**2, axis=0)
Saa = np.mean(np.abs(A)**2, axis=0)
Sfa = np.mean(np.conj(F) * A, axis=0)
H1  = Sfa / Sff
coh = np.abs(Sfa)**2 / (Sff * Saa)
```

पाच ठोके. कोहेरन्स एकदम ०.९८ च्या वर. दोन पीकच्या मधल्या खोल दरीत तो पडतो, तिथे पडू दे, तिथे प्लेट हलतच नसते. पीकवर पडला तर मात्र काहीतरी चुकतंय.

एक सांगायचं राहिलं. फक्त एकच ठोका घेऊन कोहेरन्स काढला तर तो नेहमी बरोबर १ येतो, गणितानेच येतो. आधी तसा काढून मी खूश झालो होतो.

११ फेब्रुवारी

मोड शेपसाठी जाळी आखली. लांबीत ६०, १२०, १८०, २४०, ३०० मिमीवर पाच ओळी, प्रत्येक ओळीत डावी कड, मध्य, उजवी कड, एकूण १५ बिंदू. सेन्सर एका जागी (टोकाचा डावा कोपरा, प्लेटच्या खालच्या बाजूने) आणि हातोडी फिरवायची. उलटं केलं असतं, म्हणजे सेन्सर फिरवला असता, तर त्याचं वजन प्रत्येक वेळी नव्या जागी गेलं असतं आणि फ्रिक्वेन्सी प्रत्येक बिंदूला वेगळी आली असती.

टोकाच्या ओळीवर डबल हिटचा त्रास. प्लेट तिथे इतकी लवचिक आहे की ठोका मारून हातोडी मागे घ्यायच्या आत ती परत वर येऊन हातोडीला थापटते. फोर्सच्या ग्राफवर एकाऐवजी दोन टेकड्या दिसतात, आणि फोर्सच्या स्पेक्ट्रममध्ये लाटा उठतात. असा ठोका सरळ फेकायचा. हातोडीमागे लावलेलं जास्तीचं वजन काढलं, दांडा दोन बोटांत सैल धरला, मनगटातून टिचकी मारल्यासारखं केलं की जमायला लागलं. तरी टोकाच्या तीन बिंदूंवर ७५ ठोके झाले असतील, कामाचे पंधरा.

आकार काढायची पद्धत साधी: पीकच्या फ्रिक्वेन्सीला `H1` चा काल्पनिक भाग प्रत्येक बिंदूसाठी वाचायचा, तोच त्या बिंदूचा आकारातला उंचसखलपणा, चिन्हासकट. पहिला मोड मस्त आला. पिळात एक बिंदू येड्यासारखा उलटा, तो मी दोन फाइलींची नावं अदलाबदल केल्यामुळे, दहा मिनिटांत सुटलं.

पण दुसरं वाकणं तिरकं आलं. या मोडमध्ये टोक वर आणि मधला भाग खाली, आणि टोकापासून साधारण २२ टक्के आत एक आडवी नोडल लाइन, म्हणजे इथे २३५ मिमीच्या जवळ. डावी-उजवी बाजू सारखी असायला हवी. माझ्याकडे सेन्सरचा कोपरा समोरच्या कोपऱ्याच्या पाऊण पटच हलत होता आणि नोडल लाइन तिरपी गेलेली. क्लॅम्प एका बाजूने सैल असेल म्हणून सगळे बोल्ट परत आवळले. तसूभर फरक नाही.

१३ फेब्रुवारी

सेन्सर फक्त ५ ग्रॅम. मोकळ्या प्लेटचं वजन ३५७ ग्रॅम. दीड टक्का पण नाही, म्हणून मी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. पण मोडला प्लेटचं सगळं वजन जाणवत नाही, टोकाच्या हिशेबाने बघितलं तर पहिल्या वाकण्यात प्लेट जणू ८९ ग्रॅमचीच आहे (एकूण वजनाचा पाव हिस्सा), आणि पिळात कोपऱ्याच्या हिशेबाने साधारण सहावा हिस्सा, ६० ग्रॅम. ६० ग्रॅमवर ५ ग्रॅम म्हणजे ८ टक्के, फ्रिक्वेन्सीत त्याच्या निम्मे, ४ टक्के.

खात्री करायला ५ ग्रॅमचा नट घेतला आणि सेन्सरच्या बरोबर वर त्याच कोपऱ्यावर मेणाने चिकटवला. पीळ १११.३ वरून १०६.७ वर आला. एका नटाने साडेचार हर्ट्झ! म्हणजे सेन्सरने स्वतः पण साधारण तेवढेच खाल्लेले असणार.

आणि तिरक्या आकाराचं कोडं पण यातच होतं. कोपऱ्यावर वजन ठेवलं की प्लेटची डावी-उजवी बाजू सारखी राहत नाही, आणि पीळ (११७) व दुसरं वाकणं (१७२) एकमेकांपासून फार लांब नाहीत, म्हणून ते वजन एकाचा आकार दुसऱ्यात मिसळतं. मी जे मोजत होतो ते वाकणं अधिक थोडा पीळ असं होतं. माझी प्लेट सरळ होती, सेन्सर लावलेली प्लेट तिरकी होती.

माझा पहिला विचार होता की नट लावून-काढून जो फरक येतो त्यावरून शून्य वजनाची फ्रिक्वेन्सी मागे मोजत जायची. पिळाला ते बऱ्यापैकी जमतं, तिसऱ्या मोडला नाही, कारण तेच मिसळणं, वजन दुप्पट केलं की फरक दुप्पट होत नाही. ते सोडलं.

त्यापेक्षा सोपं: सेन्सर अशा जागी लावायचा जिथे प्लेट हलते पण कमी हलते. क्लॅम्पपासून ६० मिमी, डाव्या कडेवर. तिथे पहिल्या वाकण्यात प्लेट टोकाच्या जेमतेम ६ टक्के हलते, पिळात आणि दुसऱ्या वाकण्यात ३० टक्के. वजनाचा परिणाम याच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे तिन्ही मोडमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आत. सिग्नल लहान होतो, पण कोहेरन्स टिकला. आणि उरलेल्या अर्ध्या टक्क्यासाठी मॉडेलमध्ये पण त्याच जागी ५ ग्रॅमचा पॉइंट मास टाकला. मॉडेल आता २७.६, ११७.१, १७२.१ सांगतंय. (ही जागा पहिल्या तीन मोडपुरतीच. चौथा मोड, दुसरा पीळ, त्या जागी चांगलाच हलतो, त्याला हे चालणार नाही.)

नव्या जागेवरून मोजलेलं: २६.९, ११५.७, १६७.६.

१४ फेब्रुवारी

मित्राला आकडे दाखवले. त्याने वही चाळली आणि म्हणाला, "अरे हे तर बीमच्या फॉर्म्युल्याशी तंतोतंत जुळतंय की. २६.९ ला २६.९. दुसरं १६८, तुझं १६७.६. तुझं एफईएम ताठ आलंय, शेल एलिमेंट बदल, रिपोर्ट लिही, मोकळा हो."

आणि खरं सांगतो, मी लिहायला बसलो होतो. दोन दोन आकडे जुळत असताना कोण कशाला उकरेल. पण पीळ टोचत होता. बीमच्या फॉर्म्युल्यात पीळ नाहीच, त्यामुळे त्याची तुलना फक्त एफईएमशी. टक्क्यांत लिहिलं:

पहिलं वाकणं: २.५ टक्के कमी
पीळ: १.२ टक्के कमी
दुसरं वाकणं: २.६ टक्के कमी

दोन्ही वाकणी सारखीच कमी, आणि पीळ त्याच्या निम्मा. यंग्स मॉड्युलस चुकला असता किंवा जाडी चुकली असती तर तिन्ही मोड सारख्याच टक्क्यांनी सरकले असते. सेन्सरच्या वजनाने पीळ वाकण्यापेक्षा जास्त पडला असता, कमी नाही. व्हाइससारखी कडांची पकड गेली असती तरी पीळच जास्त पडला असता. मग वाकण्याचं दुप्पट आणि पिळाचं एकपट असं कोण करतं? लांबी. वाकण्याची फ्रिक्वेन्सी लांबीच्या वर्गाने कमी होते, पिळाची साधारण लांबीच्या सरळ प्रमाणात. लांबी १.३ टक्के जास्त असेल तर वाकणं २.६ ने पडेल आणि पीळ १.३ ने. ३०० च्या १.३ टक्के म्हणजे ४ मिलिमीटर.

मित्राला पटलं नाही. त्याचं म्हणणं, मॉड्युलस तू मोजलेलाच नाहीस, पुस्तकातला आहे. बरोबर होतं त्याचं.

१६ फेब्रुवारी

मॉड्युलसचा वाद मिटवायला प्लेट क्लॅम्पमधून काढली आणि दोन लांब दोऱ्यांवर हवेत टांगली. क्लॅम्पच नाही तर क्लॅम्पची चूक पण नाही. सेन्सर पण नाही लावला, शेजारी मायक्रोफोन धरला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं, आवाजाच्या एफएफटीत पीक स्वच्छ दिसतात. दोऱ्या टोकांपासून साधारण ७५ मिमी आत बांधल्या, मोकळ्या प्लेटच्या पहिल्या वाकण्याच्या नोडल लाइन तिथे असतात, म्हणजे दोरा त्या मोडला अडवत नाही.

पूर्ण ३४० मिमीच्या मोकळ्या प्लेटसाठी मॉडेल म्हणतं वाकणं १३५, पीळ १८५. मायक्रोफोन म्हणाला १३४.७ आणि १८४.६.

पाव टक्का. मॉड्युलस बरोबर, जाडी बरोबर, घनता बरोबर, शेल एलिमेंट पण बरोबर. चूक क्लॅम्पमध्ये आणि फक्त क्लॅम्पमध्ये. एका तासाचं काम होतं हे, क्लॅम्प बनवायच्या आधी केलं असतं तर आठवडा वाचला असता.

१७ फेब्रुवारी

फीलर गेजचं सगळ्यात पातळ, ०.०५ चं पातं घेतलं आणि वरच्या पट्टीच्या तोंडाशी प्लेट आणि पट्टीच्या मध्ये सरकवलं. गेलं आत. न अडखळता, पूर्ण रुंदीभर, ४ मिमी आत जाऊन मग अडकलं.

वरची पट्टी काढून उलटी केली. कड मारलेली. साधारण ३ मिमीचा छान तिरपा चॅम्फर, दोन्ही पट्ट्यांना. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "हात कापला असता ना तुझा. कड न मारता पीस द्यायचा असतो होय?" त्यांचं काहीच चुकलं नाही, ड्रॉइंगवर "ही कड धारदार ठेवा" असं मीच लिहिलं नव्हतं. मी ३०० मोजलं पट्टीच्या तोंडापासून, आणि प्लेट खरी पकडली जात होती त्याच्या ४ मिमी आत.

आधी मॉडेलमध्ये लांबी ३०४ टाकून बघितली: २६.९, ११५.५, १६७.६. मोजलेले २६.९, ११५.७, १६७.६.

बीमचा फॉर्म्युला जुळला तो निव्वळ योगायोगाने. प्लेटचा जास्तीचा ताठपणा अडीच टक्के वर ढकलत होता आणि चॅम्फर अडीच टक्के खाली ओढत होता.

२० फेब्रुवारी

पट्ट्यांची तोंडं मिलिंगवर ४ मिमी काढून चौकोनी केली, कड फक्त कानशीने हलकी पुसली. परत बसवलं, मोकळी लांबी परत ३०० केली. फीलर गेज आता आत जात नाही. बोल्ट आवळून फ्रिक्वेन्सी थांबेपर्यंत तीच कसरत.

मोजलेलं आणि मॉडेल:

पहिलं वाकणं: २७.४, मॉडेल २७.६
पीळ: ११६.६, मॉडेल ११७.१
दुसरं वाकणं: १७१.०, मॉडेल १७२.१

अजूनही वाकणं ०.६-०.७ टक्के कमी आणि पीळ ०.४, म्हणजे पॅटर्न तोच, बारीक झालेला. खरा क्लॅम्प कधीच पूर्ण ताठ नसतो, स्टीलची पट्टी पण थोडी दबते, त्यामुळे प्लेट मॉडेलपेक्षा एखाद मिलिमीटर लांब असल्यासारखी वागते. याच्या मागे लागणार नाही.

२२ फेब्रुवारी

१५ बिंदू परत ठोकले, सेन्सर नव्या जागी. दुसऱ्या वाकण्याचा मधल्या रेघेवरचा आकार, टोक १ धरून, क्लॅम्पकडून टोकाकडे: −०.२९, −०.६७, −०.५९, ०.०६, १. साध्या बीमच्या थिअरीत हे −०.३०, −०.६८, −०.५९, ०.०७, १ असतात. २४० मिमीची ओळ नोडल लाइनच्या अगदी जवळ असल्यामुळे तिथे आकडा जवळजवळ शून्य आहे आणि तिथला कोहेरन्स पण वाईट, ते तसंच सोडलं. डावी-उजवी बाजू आता दोन-तीन टक्क्यांत सारखी. तिरकेपणा गेला.

२५ फेब्रुवारी

डॅम्पिंगची एक नोंद, कारण यात पण फसलो होतो. डेटा घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड २ सेकंदांचा होता आणि त्याने आपणहून एक्स्पोनेन्शियल विंडो लावलेली, शेवटी सिग्नल १ टक्क्यावर येईल अशी. पहिल्या मोडचं डॅम्पिंग १.६ टक्के दाखवत होतं. ॲल्युमिनियमच्या प्लेटला इतकं? ठोकल्यावर ती कितीतरी वेळ हलताना डोळ्यांना दिसते.

विंडो सिग्नलला मुद्दाम विझवते, आणि ते विझवणं डॅम्पिंगमध्ये जमा होतं. २ सेकंदांत १ टक्क्यावर म्हणजे दर सेकंदाला २.३ चा क्षय, त्याला कोनीय फ्रिक्वेन्सीने (२७.४ हर्ट्झला १७२) भागलं की १.३४ टक्के. वजा केलं तर उरतं ०.२६. पिळाला हीच विंडो फक्त ०.३१ टक्के वाढवते, म्हणून तिथे शंका आली नव्हती. खालच्या मोडलाच ती सगळ्यात जास्त फसवते.

रेकॉर्ड १० सेकंदांचा केला, विंडो बंद, फोर्सच्या चॅनेलवर ठोका संपल्यानंतरचं सगळं शून्य केलं. पहिला मोड ०.२७ टक्के. बारकाई पण ०.५ वरून ०.१ हर्ट्झवर आली. प्रत्येक ठोक्यानंतर दहा सेकंद प्लेटला हात न लावता गप्प उभं राहावं लागतं, एवढाच त्रास.

क्लॅम्प अजून टेबलावर बसवलेलाच आहे. पुढच्या आठवड्यात चौथ्या मोडसाठी सेन्सरची जागा बदलणार आहे, दुसरा पीळ जिथे कमी हलतो ती जागा मॉडेलमधून शोधून ठेवलीय, फक्त ती २३५ जवळच्या नोडल लाइनवर पडत नाही ना ते आधी बघायचंय.